सगळी पुंजी एकाच कारखान्यात असेल, तर परताव्याचा दर कसा काढायचा: बीटापासून एकूण बीटापर्यंत

लहान कारखानदार नवीन मशीनचा किंवा धंद्याच्या किमतीचा हिशेब मांडतो, तेव्हा दराच्या रकान्यात नेहमी दोनपैकी एक आकडा दिसतो. एक तर बँकेचा व्याजदर, नाही तर कुठल्या तरी अहवालातून उचललेला त्या उद्योगाचा बीटा आणि त्यावरून काढलेला दर. पहिला आकडा चुकीचा आहे, हे बहुतेकांना कळते. दुसरा शास्त्रीय दिसतो, म्हणून तो जास्त फसवतो.

बीटा फक्त बाजार जोखीम मोजतो. सगळा बाजार हलला की हा शेअर किती हलतो, एवढेच तो सांगतो. कंपनीची स्वतःपुरती जोखीम त्यात धरलेली नसते. एका गिऱ्हाइकाने पार्टचे डिझाइन बदलले, मुख्य ऑपरेटर सोडून गेला, स्पिंडल बसले, या गोष्टी त्या हिशेबात शून्य मानल्या जातात. ज्याच्याकडे पन्नास कंपन्यांचे शेअर आहेत त्याच्यासाठी हे बरोबरही आहे, कारण एकीकडची ऑर्डर गेली तर बहुधा दुसऱ्या कंपनीकडे जाते आणि तीही त्याच्याच यादीत असते. भोसरीतल्या सीएनसी जॉबवर्कवाल्याकडे ती दुसरी कंपनी नसते. त्याला दोन्ही जोखमी अंगावर घ्याव्या लागतात, म्हणून त्याचा दर एकूण जोखमीवर बेतायला हवा.

तो दर काढण्याची रीत पुढे दिली आहे. उदाहरणासाठी भोसरी एमआयडीसीतले एक काल्पनिक युनिट घेतले आहे. चार मशीन, वाहनांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क, साठ टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचे, आणि मालक स्वतः शॉपफ्लोअरवर. आकडे समजण्यापुरते आहेत, स्वतःच्या हिशेबात स्वतःचे घाला.

## सुरुवातीची तयारी

हाताशी चार गोष्टी ठेवा: गेल्या पाच वर्षांचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रके, मालकाच्या सगळ्या मालमत्तेची यादी, बँकेची मंजुरीपत्रे (तारण आणि वैयक्तिक हमीची पाने विशेष करून), आणि आपल्याच प्रकारचे काम करणाऱ्या सात-आठ शेअर बाजारात नोंदलेल्या लहान कंपन्यांची नावे. शेवटच्या गोष्टीत आळस होतो. वाहनांचे भाग बनवणाऱ्यांऐवजी वाहने बनवणाऱ्या कंपन्या घेतल्या जातात, कारण त्यांची नावे पटकन आठवतात. त्यांचा धंदा वेगळा आणि जोखीमही वेगळी.

सूचना: आयकर किंवा कंपनी कायद्यासाठी लागणारे मूल्यांकन त्या-त्या नियमांप्रमाणे पात्र व्यक्तीकडूनच करून घ्यावे लागते. इथला हिशेब मालकाच्या स्वतःच्या निर्णयासाठी आहे.

## टप्पा 1: हिशेब कोणासाठी, ते आधी लिहून काढा

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ लिहा: "हा दर कोणाच्या नजरेतून?" मशीन घ्यावे की नाही हे मालक स्वतःसाठी ठरवत असेल, तर त्याच्या नजरेतून. धंदा मोठ्या नोंदणीकृत कंपनीला विकायचा असेल, तर तिला किती देणे परवडेल हे तिच्या नजरेतून पाहायचे, आणि तिच्यासाठी फक्त बाजार जोखीमच खरी. एकूण जोखीम हा धंद्याला चिकटलेला गुण नाही. तोच धंदा दुसऱ्या हातात गेला की दर बदलतो. ही ओळ न लिहिल्याने पुढे जो घोळ होतो, तो शेवटच्या टप्प्यात दिसेल.

## टप्पा 2: मालक किती अडकला आहे, ते मोजा

मालकाच्या पुंजीपैकी किती हिस्सा धंद्यात आहे, हे काढा. राहते घर या यादीतून वगळा, कारण ते विकून गुंतवणूक होणार नसते. आपल्या युनिटमध्ये मालकाचे स्वतःचे भांडवल अंदाजे 140 लाख आहे आणि समभाग म्युच्युअल फंडात 60 लाख. म्हणजे 200 पैकी 140, हिस्सा 0.7.

इथे तीन जागी चूक होते.

पहिली चूक मुदत ठेवीबाबत. 60 लाख फंडाऐवजी एफडीत असते, तर मालकाला रात्री झोप जास्त लागली असती हे खरे. पण त्याच्या जोखमीच्या पैशात धंद्याशिवाय दुसरे काहीच नसते. एफडी हलत नाही, त्यामुळे ती धंद्याचा धक्का झेलत नाही, आणि धंद्याची स्वतःपुरती जोखीम कशातच विरघळत नाही. म्हणून पुढच्या सूत्रात एफडी मोजायची नाही, तिथे हिस्सा 1 धरायचा.

दुसरी चूक शेजारच्या गाळ्याबाबत. त्याच एमआयडीसीतला, त्याच उद्योगाला भाड्याने दिलेला गाळा ही मालकाला वेगळी गुंतवणूक वाटते. पण वाहन उद्योग मंदावला की ऑर्डर आणि भाडेकरू दोन्ही एकदमच जातात. तो गाळा धंद्याच्याच बाजूला धरा.

तिसरी आणि सगळ्यात महाग चूक तारणाबाबत. प्रोप्रायटरशिपमध्ये मालकाची जबाबदारी अमर्याद असते. प्रायव्हेट लिमिटेड केली की ती भांडवलापुरतीच उरते असे सीए सांगतो, आणि कायद्याने ते बरोबरही आहे. पण सीसी लिमिटसाठी वैयक्तिक हमीवर सही केली आणि फ्लॅट गहाण ठेवला, की तेवढ्या कर्जापुरती ती मर्यादा पुसली जाते. फंडाची युनिटेही बँकेकडे तारण असतील, तर ती "बाहेरची" पुंजी राहिली नाही. धंदा बुडेल त्याच दिवशी बँक त्यांच्याकडे वळेल.

तपासा: यादीतल्या प्रत्येक मालमत्तेपुढे "धंदा बंद पडला तर ही माझ्याकडे राहील का?" असे लिहा. "नाही" असेल ती धंद्याच्या रकान्यात.

## टप्पा 3: नफा साफ करा

दर कितीही बारकाईने काढला तरी चुकीच्या नफ्याला लावून उपयोग नाही. युनिटच्या वह्यांत व्याज वजा जाता 62 लाख नफा दिसतो. मालक पगार घेत नाही. त्याच्या जागी प्लांट सांभाळणारा माणूस ठेवायचा तर वर्षाला 12 लाख लागतील, ते वजा. गाळा वडिलांच्या नावावर आहे आणि भाडे शून्य. बाजारभावाने ते 6 लाख, तेही वजा. उरले 44. त्यावर 25 टक्के कर धरला तर 33. जुनी मशीन बदलायला घसाऱ्यापेक्षा वर्षाला सुमारे 3 लाख जास्त लागतात, तेही गेले. मालकाच्या हातात खरे उरतात 30 लाख.

साठ टक्के काम देणारे गिऱ्हाईक जाण्याची शक्यताही इथेच, रकमेत धरायची. पाच वर्षांत एखादे वाईट वर्ष येणार असेल, तर ते सरासरीत घ्या. आपल्या 30 लाखांत ते धरले आहे असे समजू. दरात आणखी दोन टक्के "गिऱ्हाईक जोखीम" म्हणून घालू नका. सरासरी रकमेत येते आणि तिच्या आजूबाजूची चढउतार दरात. दोन्हीकडे दोन्ही घातले की एकच भीती दोनदा मोजली जाते.

## टप्पा 4: बीटा आणि सहसंबंध काढा

निवडलेल्या प्रत्येक कंपनीचे 61 महिन्यांचे समायोजित बंद भाव घ्या आणि त्यावरून 60 मासिक परतावे काढा. निफ्टी 500 चेही तसेच. बोनस आणि स्प्लिट समायोजित नसतील, तर एखाद्या महिन्यात उणे पन्नास टक्के दिसेल आणि पुढचे सगळे बिघडेल. स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात निर्देशांकाचे परतावे आणि C मध्ये कंपनीचे ठेवले, तर:

```
=SLOPE(C2:C61, B2:B61)
=CORREL(C2:C61, B2:B61)
=STDEV.S(C2:C61)/STDEV.S(B2:B61)
```

पहिली ओळ बीटा देते. दुसरी सहसंबंध देते, म्हणजे कंपनीची चाल बाजाराच्या चालीशी किती जुळते ते. तिसरी ओळ सांगते की कंपनी एकूण बाजाराच्या किती पट हलते, कारण काहीही असो. हाच एकूण बीटा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले तर तिसराच आकडा यायला हवा. तो येत नसेल तर रकाने सरकले आहेत, पुढे जाऊ नका.

आपल्या यादीची सरासरी समजू: बीटा 1.2, सहसंबंध 0.6. म्हणजे एकूण बीटा 2.0. सहसंबंधाचा वर्ग 0.36. या कंपन्यांच्या चढउताराचा साधारण एक तृतीयांश भाग बाजारामुळे आहे आणि उरलेला दोन तृतीयांश त्यांच्या स्वतःच्या कारणांनी. साधा बीटा वापरणारा मालक हा दोन तृतीयांश भाग मोफत आहे असे धरून चालतो.

इथल्या दोन चुका सहज दिसत नाहीत. सात-आठ कंपन्यांची कटकट नको म्हणून काही जण सरळ निफ्टी ऑटोसारखा उद्योगाचा निर्देशांक C रकान्यात टाकतात. निर्देशांकात अनेक कंपन्या एकत्र असतात, त्यामुळे त्यांच्या स्वतःपुरत्या जोखमी आतल्या आत एकमेकींना मारतात. सहसंबंध फुगतो आणि एकूण बीटा साध्या बीटाजवळ येऊन बसतो. जी जोखीम मोजायची होती तीच गाळली गेली. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे काढा आणि मग सरासरी घ्या.

दुसरी चूक रोजच्या भावांची. लहान कंपन्यांत कित्येक दिवस तुरळक व्यवहार होतात, भाव कालचाच राहतो, आणि बाजाराची हालचाल त्यात उशिरा उतरते. त्यामुळे बीटा आणि सहसंबंध दोन्ही खोटे कमी येतात. मासिक परताव्यांत हा दोष बराच निवळतो.

कर्जाकडेही एकदा पाहा. यादीतल्या कंपन्यांच्या मानाने तुमचे कर्ज जास्त असेल, तर बीटा आणि एकूण बीटा दोन्ही त्या प्रमाणात वाढवावे लागतात. सरासरीला (1 + 0.75 × त्यांचे कर्ज-भांडवल प्रमाण) ने भागायचे आणि (1 + 0.75 × तुमचे प्रमाण) ने गुणायचे. 0.75 हे 25 टक्के कर गेल्यानंतरचे. ताळेबंदातले भांडवल इथे चालत नाही, बाजारभाव लागतो, आणि तोच तर आपल्याला माहीत नसतो. तुमचे कर्ज उद्योगाच्या सरासरीजवळ असेल तर हा भाग सोडून दिला तरी चालतो. आपल्या युनिटचे तसेच धरले आहे.

## टप्पा 5: मालकाच्या नजरेतला दर

10 वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर 7 टक्के आणि त्यावर समभागांसाठी मागायचा जादा परतावा 7 टक्के धरू. रोख्याचा दर हिशेबाच्या दिवशीचा घ्या.

फक्त बाजार जोखीम धरली तर 7 + 1.2 × 7, म्हणजे 15.4 टक्के. सगळी पुंजी धंद्यातच असलेल्या माणसासाठी 7 + 2.0 × 7, म्हणजे 21 टक्के.

आपला मालक या दोन टोकांच्या मध्ये आहे. त्याच्या पुंजीचा 0.7 हिस्सा धंद्यात आणि 0.3 बाजारात. इथे बरेच जण 15.4 आणि 21 यांची अंदाजाने सरासरी मारतात. त्यापेक्षा मालकाच्या सगळ्या पुंजीचा बाजाराशी सहसंबंध काढा आणि बीटाला त्याने भागा. F1 मध्ये हिस्सा, F2 मध्ये बीटा, F3 मध्ये एकूण बीटा:

```
=(F1*F2+1-F1)/SQRT(F1^2*F3^2+(1-F1)^2+2*F1*(1-F1)*F2)
```

उत्तर 0.713. 1.2 भागिले 0.713, म्हणजे 1.68. दर 18.8 टक्के.

तपासा: F1 मध्ये 1 घातले तर 0.6 यायला हवे. 0 घातले तर 1.

एक गाठ सुटायची राहिली. 140 लाख हा आकडा ताळेबंदावरचा अंदाज होता. आता 30 लाखांना 18.8 टक्क्यांनी भागले (वाढ शून्य धरून), तर धंद्याची किंमत 160 लाखांच्या आसपास येते. म्हणजे हिस्सा 220 पैकी 160, साधारण 0.73. तो घालून सूत्र पुन्हा चालवा: दर 19 टक्के. एवढी एक फेरी पुरते. पुढच्या फेऱ्यांत फारसा फरक पडत नाही, आणि मूळ आकड्यांत एवढी अचूकता नाहीच.

सूचना: 19 टक्क्यांवर आता "लहान कंपनीचा जादा दर" किंवा "मालकावरचे अवलंबन" म्हणून वेगळे टक्के चढवू नका. यांतले बरेचसे एकूण बीटात आलेले असते. मात्र नोंदलेल्या कंपनीपेक्षा चार मशीनचे युनिट जास्तच हेलकावे खाते, त्यामुळे 19 हा वरचा नव्हे, खालचा अंदाज समजा.

## टप्पा 6: मशीनचा निर्णय

त्याच मोठ्या गिऱ्हाइकाच्या कामासाठी 40 लाखांचे व्हीएमसी घ्यायचे आहे, स्वतःच्या पैशातून. कर आणि खर्च जाता वर्षाला 10 लाख, आठ वर्षे. भंगाराची किंमत सोडून देऊ.

15.4 टक्क्यांनी त्या आठ वर्षांची आजची किंमत 44.3 लाख. चार लाखांचा फायदा, मशीन घ्या. 19 टक्क्यांनी 39.5 लाख. 21 टक्क्यांनी 37.3 लाख. म्हणजे जे मशीन मोठ्या कंपनीने डोळे मिटून घ्यावे, ते आपल्या मालकासाठी काठावर आणि फंड नसलेल्या शेजाऱ्यासाठी तोट्याचे आहे. मशीन तेच आणि काम तेच.

म्हणून लगेच "नको" म्हणायचे असे नाही. आधी जोखमीचा कुठला तुकडा स्वस्तात उतरवता येतो ते पाहा, आणि प्रत्येक उपाय नेमका कोणता तुकडा उतरवतो याबद्दल फसगत होऊ देऊ नका. बिले ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर वटवली तर खरेदीदाराने पैसे बुडवल्यास वित्तसंस्था तुमच्याकडे वळत नाही, म्हणजे येणीबुडीची जोखीम उतरते. पण पुढच्या महिन्याची ऑर्डर येईलच, याची हमी त्यातून मिळत नाही. सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी योजनेखाली कर्ज घेतले तर फ्लॅट गहाण न ठेवता भागू शकते, आणि टप्पा 2 मधली यादी सुधारते. पण ती हमी बँकेला असते. कर्जदाराचे देणे माफ होत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की मंजुरीपत्र दोनदा वाचलेले बरे. सगळ्यात परिणामकारक उपाय बहुधा कंटाळवाणाच असतो: तेच मशीन अशा फिक्स्चरसह घ्यायचे की त्यावर दुसऱ्या उद्योगाचे, म्हणजे पंपाचे किंवा शेती अवजारांचे, कामही बसेल. मग एका गिऱ्हाइकाचे जाणे म्हणजे मशीन उभे राहणे नव्हे.

## टप्पा 7: विकताना दर बदला

मालक धंदा विकायला निघाला आणि 19 टक्क्यांचाच हिशेब घेऊन बसला, तर 30 लाख भागिले 0.19, म्हणजे 158 लाख मागेल. समोर नोंदणीकृत कंपनी असेल तर तिच्या नजरेतून तोच धंदा 15.4 टक्क्यांनी जवळजवळ 195 लाखांचा आहे. टप्पा 1 मधली ओळ न लिहिणारा मालक इथे 37 लाख टेबलावरच सोडून उठतो. आणि समोर त्याच्यासारखाच, सगळी पुंजी ओतणारा एकटा खरेदीदार असेल, तर त्याच्यासाठी किंमत 143 लाखांपुढे जात नाही. मग 158 वर अडून बसण्यात अर्थ आहे, कारण मालकाला धंदा ठेवणेच जास्त किफायतशीर आहे.

एकूण बीटावर मूल्यांकनवाल्यांत जो वाद आहे तो इथेच आहे. विविधीकरण केलेला खरेदीदार समोर असताना बाजार तुमच्या स्वतःपुरत्या जोखमीचा मोबदला देत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून 158 हा मालकाचा तळाचा भाव समजायचा आणि बोलीचा आकडा खरेदीदार पाहून ठरवायचा. दोन्ही एकाच कागदावर, पण दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, आणि खरेदीदाराच्या सीएला फक्त दुसरा रकाना दाखवा.